हिमोफिलस ओळखताना एक्स फॅक्टरनं खाल्लेला वेळ: माझा अनुभव

लहान मुलाचा सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासायला आला होता. ग्रॅम स्टेनमध्ये बारीक, फिकट गुलाबी कोकोबॅसिलाय दिसले. चॉकलेट अगारवर करड्या, ओलसर कॉलनी आल्या, मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर काहीच नाही. एवढ्यावरून हिमोफिलस या जिवाणूचा संशय घ्यायला हरकत नव्हती.

मग सॅटेलिटिझम लावलं, म्हणजे दुसऱ्या जिवाणूच्या शेजारीच हा वाढतो का ते बघितलं. ब्लड अगारवर संशयित जिवाणू सगळीकडे पसरवला, मधून स्टॅफिलोकोकस ऑरियसची एकच सरळ रेघ ओढली आणि प्लेट कँडल जारमध्ये ३५ अंशांना रात्रभर ठेवली. सकाळी रेघेच्या दोन्ही बाजूंना दवबिंदूंसारख्या कॉलनींची रांग होती. रेघेपासून थोडं दूर गेलं की वाढ संपलेली. हे दृश्य मला अजूनही फार आवडतं.

रिपोर्ट अडकला तो यानंतर. सॅटेलिटिझम दिसलं म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, असं अनेकजण धरून चालतात. पण ही प्लेट एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या जिवाणूला व्ही फॅक्टर, म्हणजे एनएडी, बाहेरून लागतो का? स्टॅफिलोकोकस एनएडी तयार करून आजूबाजूला सोडतो. मेंढीच्या रक्तात एनएडी मोडणारं एन्झाइम असतं, म्हणून साध्या ब्लड अगारवर व्ही पुरत नाही. चॉकलेट अगार करताना रक्त तापवलं की ते एन्झाइम निकामी होतं आणि पेशींतला व्हीही बाहेर येतो. एक्स फॅक्टर म्हणजे हीमिन. तो ब्लड अगारमध्ये रक्तातूनच मिळतो, स्टॅफची रक्तपेशी फोडणारी विषद्रव्यं तो आणखी मोकळा करतात. त्यामुळे एक्स आणि व्ही दोन्ही लागणारा इन्फ्लुएन्झी आणि फक्त व्ही लागणारा पॅराइन्फ्लुएन्झी, दोघंही या प्लेटवर सारखेच उगवतात.

फरक कळायला रक्त नसलेलं माध्यम लागतं. न्यूट्रिएंट अगारवर एक्स, व्ही आणि एक्स-व्ही अशा डिस्क ठेवल्या. इन्फ्लुएन्झी असेल तर एक्स-व्हीभोवती आणि एक्स व व्ही यांच्या मधल्या जागेत वाढ यायला हवी. माझ्या प्लेटवर एकट्या व्हीभोवतीसुद्धा वाढ होती. आमचे वरिष्ठ म्हणाले, "व्हीभोवती आलाय ना? पॅराइन्फ्लुएन्झी लिहून मोकळे व्हा."

मला ते पटेना. पॅराइन्फ्लुएन्झीमुळे मेंदूज्वर होणं दुर्मिळ, आणि हा तर लहान मुलाचा सीएसएफ. शिवाय व्हीभोवतीची वाढ विरळ होती, एक्सच्या दिशेनं मात्र दाट होत गेली होती. व्ही एकटा पुरत असता तर ती सगळीकडे सारखी असायला हवी होती. पुन्हा लावलं तरी तेच. दर वेळी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं, आणि वॉर्डमधून विचारणा चालूच.

गोची चॉकलेट अगारची होती. ते माध्यम हीमिननं भरलेलं. त्यावरून लूपनं कॉलनी उचलली की थोडं हीमिनही सोबत येतं, आणि जिवाणूला ते इतकं कमी लागतं की तेवढ्यावर तो वाढतो. मग एक्स डिस्कची गरजच उरत नाही. डिस्कसोबतच्या कागदावर याबद्दल अक्षर नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

उपाय साधा आहे. कॉलनीच्या फक्त माथ्याला लूप टेकवायचा, अगार खरवडायचा नाही. सलाइनमध्ये पातळ सस्पेन्शन करायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाकायचं, पुन्हा सलाइन घालून धुवायचं आणि मग पसरवायचं. असं केल्यावर एकट्या व्हीभोवतीची वाढ गेली, फक्त मधली आणि एक्स-व्हीची राहिली.

खात्रीसाठी पॉर्फिरिन चाचणीही केली, आणि खरं तर संशय आल्याबरोबर हीच करावी. डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिडच्या द्रावणात भरपूर जिवाणू मिसळून ४ तास उबवायचे आणि अंधारात वुड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली बघायचे. लॅम्प आम्ही त्वचारोग विभागातून आणला. पॅराइन्फ्लुएन्झी स्वतःचं हीम बनवतो, म्हणून त्याची नळी विटेसारखी लाल चमकते. माझी नळी चमकली नाही, शेजारची पॅराइन्फ्लुएन्झीची कंट्रोल नळी चमकली. कंट्रोल नसेल तर न चमकण्याला अर्थ नाही: द्रावण खराब झालेलं असलं तरी असंच दिसेल. या चाचणीत हीमिन सोबत आलं तरी सहसा बिघडत नाही, कारण इथे वाढ बघायचीच नसते.

हिमोफिलस हिमोलिटिकसलाही एक्स आणि व्ही दोन्ही लागतात, तेव्हा घोड्याच्या रक्ताच्या अगारवर हिमोलायसिस नाही हेही पाहिलं. मग इन्फ्लुएन्झी असा रिपोर्ट गेला.

एक राहिलंच: ग्रॅम स्टेन आधी नीट बघा. अबायोट्रोफियासारखे ग्रॅम पॉझिटिव्ह कोकायसुद्धा स्टॅफच्या रेघेभोवती उगवतात, पण त्यांना हवं असतं पायरिडॉक्सल.