आमची वाटचाल : पहिली एलसी

आण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री नंतरची. कैक वर्षं आम्ही पुण्याच्या कंपन्यांनाच माल दिला. थेट निर्यातीची पहिली ऑर्डर इटलीहून आली: पंपाची ९६० हाउसिंग, नग ४५ किलोचा. करारात ठरलं होतं की माल एफओबी न्हावा शेवा, म्हणजे त्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च आमचा; महिन्याच्या अंतराने दोन कंटेनर; आणि तपासणीला आमचंच टेस्ट सर्टिफिकेट.

एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी, आली तेव्हा आण्णा म्हणाले, "झालं, पैसे आले म्हणायचे." मी करार शेजारी ठेवून वाचत बसलो. माल तुकड्यांत पाठवण्याच्या 43P या रकान्यापुढे NOT ALLOWED, म्हणजे सगळा माल एकाच खेपेत. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या कागदावर, 'फ्रेट प्रीपेड' हवं; एफओबीत जहाजाचं भाडं तर ग्राहकाचं! आणि तपासणीच्या दाखल्यावर ग्राहकाच्या माणसाची सही. ही अट सर्वांत वाईट. त्याने सही केली नाही तर माल गेला तरी आपले कागद अपुरे.

करार घेऊन बँकेत गेलो. अधिकारी म्हणाले, "करार तुमचा नि त्याचा. बँक एलसीप्रमाणे कागद आहेत का तेवढंच बघणार. आणि मला यातलं एक अक्षर बदलता येत नाही." दुरुस्ती ग्राहकाने त्याच्या बँकेकडे मागायची, मग ती आमच्या बँकेमार्फत येते.

माझ्या पहिल्या मेलमध्ये एवढंच होतं, 'कराराप्रमाणे बदल करा.' बँकेतल्या साहेबांनी तो खोडला. मग प्रत्येक कलमासाठी आत्ताचा मजकूर काय, त्याजागी नेमका कोणता हवा आणि करारातलं कलम कुठलं, हे लिहून पाठवलं.

दुरुस्ती आली. खेपा दोन झाल्या, 'फ्रेट कलेक्ट' झालं. दाखल्यावर मात्र सही ग्राहकाचीच राहिली, वर ती त्याच्या बँकेतल्या नमुना सहीशी जुळायला हवी! मी म्हटलं, दोन घेऊ, तिसरं सोडू. तसं चालत नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम १० नुसार एकाच दुरुस्तीतला थोडा भाग स्वीकारला तर ती नाकारलीच समजतात. आपण होकार देईपर्यंत मूळ एलसीच लागू राहते, आणि गप्प राहून दुरुस्तीप्रमाणे कागद सादर केले तर तोच होकार धरतात. म्हणून संपूर्ण दुरुस्ती नाकारतोय असं बँकेला लेखी दिलं आणि कंटेनर बोलावलाच नाही.

तयार ४८० नग गंज धरू नयेत म्हणून पुन्हा तेल लावून झाकून ठेवले. आण्णा रोज ताडपत्री उचलून बघायचे. नऊ दिवसांनी दुसरी दुरुस्ती आली: तिन्ही बदल, दाखला आमच्याच सहीचा. त्याच दुपारी बँकेला होकाराचं पत्र दिलं. दुरुस्त्यांचा खर्च कोणाचा यावर ग्राहकाशी घासाघीस झाली, शेवटी निम्मा-निम्मा. आता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसबरोबरच आम्ही एलसीचा मसुदा मागवतो, आणि तो आधी आण्णा चष्मा लावून वाचतात.