पहिल्या पाळीची सेफ्टी टॉक

आज बुटीबोरीत पहिल्या पाळीला नव्या सेफ्टी ऑफिसरची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पदव्या, अनुभव सगळं गाळलं. उभ्या माणसाला भाषण सोसत नाही, त्यात आपलं नागपूरचं ऊन. एवढंच म्हटलं, "भाऊ हो, हे आपले सेफ्टी साहेब. कन्व्हेअरमध्ये काही अडकलं तर हात घालू नका. आधी मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. मग स्टार्टचं बटन दाबून पाहा. पट्टा हलला, तर बंद केलेला स्विच दुसऱ्याच मशीनचा आहे. तिथंच थांबा, साहेबांना बोलवा." साहेबांनी लाल कुलूप वर धरून दाखवलं.

मागून एकानं विचारलंच, "अन् प्रॉडक्शनवाले ओरडले तर?"

साहेब म्हणाले, "माझ्याकडे पाठवा."