मधले केस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात कुठल्याही सलूनमध्ये जा, बाकावर जागा मिळणार नाही. पाऊस नुकता लागलेला, छत्र्या दारात उलट्या टांगलेल्या, आणि आत पोरांची रांग. मी भाच्याला घेऊन गेले होते. एरवी तो एकटा जातो. पण मे महिन्यात वाढवलेली झुलपं तो आपणहून कापून घेईल यावर माझ्या भावाचा विश्वास नव्हता, म्हणून सोबतीला आत्या.

त्याचा नंबर आल्यावर कारागिराने कापड झटकलं, त्याच्या गळ्याशी बांधलं आणि आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "शाळेचोच मां?"

म्हणजे कटाला आता नाव पडलंय! बारीक, मध्यम, फौजी यांच्यासारखा शाळेचा. कानावर काही नाही, मानेवर मशीन, वर दोन बोटं. भाचा गप्प बसून होता. मशीन मानेवरून वर सरकलं तसे त्याचे खांदे आपोआप वर गेले.

ही दोन बोटं म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. सर मागून येतात, पहिली दोन बोटं डोक्यात घालून केस चिमटीत धरतात. बोटांच्या वर केस दिसले की वाढले. आता यात गंमत अशी की माप केसांचं नाही, बोटांचं. आमच्या शाळेत पीटीचे सर होते, त्यांची बोटं मोठ्या केळ्यांसारखी. त्यांच्या तपासणीत कोणीही पास. चित्रकलेच्या सरांची बोटं मात्र ब्रशसारखी बारीक, आणि त्यांच्या आठवड्यात मुलांची रांग आपोआप लांबायची. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे आज पास झालेलं डोकं तीन आठवड्यांनी नापास होणारच, त्यात त्या डोक्याच्या मालकाचा काही गुन्हा नाही. पण सलूनचे पैसे दर तीन आठवड्यांनी कुठून आणायचे, हा प्रश्न प्रार्थनेच्या रांगेत कोणी विचारत नसे.

मुलींचं वेगळं. मुलग्यांचे केस दिसायला नकोत, मुलींचे हवेत, पण बांधलेले. दोन वेण्या, अर्ध्यातून रिबीन गुंफलेली, वेणी दुमडून कानामागे वर घेतलेली आणि तिथे रिबिनीचं फूल. लाल रिबीन रोजची, पांढरी शनिवारची. रात्री रिबीन धुऊन ओलीच पलंगाच्या दांड्याला घट्ट गुंडाळायची, म्हणजे सकाळी इस्त्री केल्यासारखी निघते. आई दोन गुडघ्यांत मला दाबून बसायची. फणीच्या टोकाने भांग असा काढायची की टाळूवर रेघ उमटावी. "मान वर कर गो, हलू नको." मी हलले की वेणी परत सोडून पहिल्यापासून. घट्ट वेणी म्हणजे आईच्या शिस्तीची पावती, शाळेत तीच तर दिसायची. भुवया वर ओढल्या जायच्या, दिवसभर चेहऱ्यावर उगाचच आश्चर्य.

पावसाळ्यात तर विचारूच नका. रविवारी शिकेकाईने न्हालेले केस मंगळवारपर्यंत आतून ओलेच. मोकळे सोडायचे तर शाळेत चालत नाही, म्हणून ओलेच वळायचे. चार मुली एका बाकावर बसल्या की वर्गात ओल्या गोणपाटाचा वास. उवा होऊ नयेत म्हणून हे सगळं, असं बाई सांगायच्या. वेणी घातली की डोक्याला डोकं लागलं तरी केस कमी घासतात, तेवढं खरं. पण लीख टाळूलगतच्या केसाला चिकटते. मुलग्यांच्या दोन बोटं केसांतही तिला जागा भरपूर, आणि ओल्या आंबट वेणीत तर काय, घरच.

माझ्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना केस विरळ आहेत. मी वयाला दोष देत होते. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी बोट ठेवून विचारलं, लहानपणी घट्ट वेण्या घालायचात का? याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात म्हणे. ओढ लवकर थांबली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालली तर मुळं कायमची बुजतात. आईला मी हे सांगितलं नाही.

फुलांना बंदी होती. हे मात्र मला अजूनही पटत नाही. ज्या गावात मासळीला निघालेली बाईसुद्धा अबोलीचा वळेसर माळल्याशिवाय बाहेर पडत नाही, तिथल्या मुलींनी शाळेत फूल घालायचं नाही! मार्चमध्ये सुरंगी यायची. आजी पहाटेच कळ्यांचा वळेसर करून ठेवायची, तो घालूनच घरातून निघायचं आणि वडाच्या वळणावर काढून कंपासपेटीत टाकायचा. वार्षिक परीक्षेच्या पेपरला कर्कटक काढलं की सुरंगीचा वास भसकन बाहेर. पर्यवेक्षक बाई एकदा माझ्या बाकाशी थांबल्या, खोल श्वास घेतला, आणि काही न बोलता पुढे गेल्या. त्यांच्या अंबाड्यात बकुळीचा गजरा होता.

पण मला सांगायचं होतं ते मधल्या केसांचं.

नियम असा होता: दोन वेण्या, नाहीतर कॉलरच्या वर बॉबकट. त्यामधलं काही नाही. कागदावर यात चूक काढता येत नाही. पण केसांना बॉबकटवरून वेणीवर उडी मारता येत नाही. कानाच्या पाळीपासून दुमडून बांधता येईल इतकी वेणी व्हायला वीतभर तरी केस वाढायला हवेत, म्हणजे सव्वा ते दीड वर्ष. एवढे दिवस ते केस ना इकडचे ना तिकडचे. कॉलरला टेकतात, मागे बांधले तर निसटतात, दोन भाग केले तर कोंबड्याच्या शेपटासारखे दोन तुरे.

आठवीत माझ्या शेजारी बसणारीने केस वाढवायचं ठरवलं. तिला लहानपणापासून बॉबकट होता, कारण घरात पाच भावंडं आणि आई काजूच्या कारखान्यात जाणारी. सकाळी सहाला वेण्या घालायला कोणाचे हात रिकामे? आता ती स्वतःच्या वेण्या स्वतः घालायला शिकली होती. फक्त केस यायचे बाकी होते.

आणि मी वर्गाची मॉनिटर होते.

माझ्याकडे लांब वही होती. रकाने पाडलेले: केस, नखं, रुमाल, बॅच. प्रतिज्ञेच्या वेळी सगळ्यांचे उजवे हात पुढे, आणि आम्ही मॉनिटर रांगेतून मागे मागे फिरायचो. "समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे" या ओळीपर्यंत माझी निम्मी रांग तपासून व्हायची. ज्यांचं नाव लिहिलं त्यांनी पहिल्या तासाला झेंड्याच्या कट्ट्याजवळ उभं राहायचं.

मी तिचं नाव लिहिलं. एकदा नव्हे, रोज. जूनपासून. जुलैमध्ये तिने काळ्या पिना लावून बघितल्या, मी "पिना" असं लिहिलं. ऑगस्टमध्ये दोन तुरे बांधले, रिबिनी लावल्या, त्या दुसऱ्या तासाला सुटल्या. सर मला काही म्हणाले नसते, एखादं नाव गाळलं असतं तरी. वही ते उघडून बघत नसत, नुसती सही करत. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नाव गाळायचं म्हणजे रकाना रिकामा राहणार, आणि माझा रकाना कधी रिकामा नसे. मला वाटायचं मी निःपक्षपाती आहे. डबा आम्ही एकत्रच खायचो, त्याबद्दल दोघींत कधी शब्द झाला नाही. तिला पहिल्या तासाचं गणित मात्र बुडायचं, मी वही द्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बॉबकट करून आली. मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. छान टोकदार.

आता कायदा आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. एखाद्या सरांनी चारचौघांत कात्रीने पुढची बट उडवली तर ती खपू नये. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. नेमकी मिसरूड फुटते, केसांचं वेड लागतं, तेव्हा मुलगा त्यातून बाहेर पडलेला असतो. शिवाय वहीत नाव लिहिणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला कोणतं कलम लावणार?

सलूनमध्ये बसल्या बसल्या मला 1890 सालची मुंबईतली न्हाव्यांची सभा आठवली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा त्यांनीच तो खाली ठेवला. मी कारागिराला सहज विचारलं, तुम्ही शाळेचा कट करायला कधी नाही म्हटलंत का? तो मशीन थांबवून हसला. "मी नाय म्हटलंय तर शाळा पोराक उद्या परत पाठयतली. मगे ता दुसऱ्याकडे जातला. आणि माझा गिऱ्हाईक जातला, ता वायला."

त्यालाही बरोबरची खूण.

भाचा खुर्चीवरून उतरला. मानेवर हात फिरवला, आरशात बघितलं नाही. पैसे देताना तो म्हणाला, "आत्या, यंदा मी मॉनिटर आहे."

"बरं," मी म्हटलं. "वही मिळाली?"

"सोमवारी मिळणार."

त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. पाऊस वाढला होता, छत्री एकच होती आणि ती उघडत नव्हती. मागे कारागिराने झाडू घेतला होता. सगळ्यांचे केस एकत्र लोटून कोपऱ्यात ढीग करत होता, कोणाचे कुठले ते काही कळत नव्हतं.