आमची वाटचाल : वागळे इस्टेटचा गाळा आणि दोनशे पानी वही

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून अप्रेझलच्या, म्हणजे माणसांच्या वर्षाच्या कामाला आकडे देण्याच्या, ट्रेनिंगचा धंदा आम्ही उभा केला, याचा मला अभिमान आहे. बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही. बुडायची वेळ आली होती, ते सांगतो.

रबाळ्याच्या एका कारखान्यात आम्ही मॅनेजरना दिवसभर शिकवलं, की सगळ्यांना पाचपैकी ४-५ देणं म्हणजे लीनियन्सी, सैलपणाची चूक, आणि एका माणसाच्या सगळ्या रकान्यांत सारखाच आकडा म्हणजे हॅलो इफेक्ट, एकाच गोष्टीवरून सगळं मोजायची चूक. मंडळींनी नीट ऐकलं आणि मार्चमध्ये आकडे मुद्दाम विस्कटले. टूलरूमचे सहाही जण खरोखर ४ चे होते. पण सगळ्यांना ४ दिले तर आपण सैल ठरू, या भीतीने मॅनेजरने दोघांना २ दिले. दोघेही मेमध्ये सोडून गेले. नुसत्या चुका दाखवल्या की रेटिंगचा अचूकपणाच घटू शकतो, हे अभ्यासकांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. मला ते फार उशिरा कळलं. कंपनीने आम्हाला काढलं ते बरोबरच होतं. सलतं ते वेगळं. आमच्याच स्लाइड्स घेऊन बाहेर पडलेला जुना सहकारी तिथे गेला आणि बेल कर्व्ह, म्हणजे थोड्यांनाच वरचे आणि काहींना खालचे आकडे द्यायचेच अशी सक्ती, विकून आला. आमचं इकडे तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

तगलो ते महापेच्या एका पॅकेजिंग कंपनीतल्या एचआर मॅडममुळे. त्या म्हणाल्या, "सर, चुकांची नावं राहू द्या. ४ म्हणजे काय, ते आधी सगळ्यांचं एक करा." तेव्हापासून आमचं हत्यार म्हणजे एका स्टोअरकीपरच्या वर्षाची दीड पानी हकिकत. ती वाचून प्रत्येक मॅनेजर आपला आकडा चिठ्ठीवर लिहितो. फळ्यावर एकाच माणसाला २ पासून ५ पर्यंत सगळं लागतं. मग कोणत्या वागण्याला ४ आणि कोणत्याला ३, हे मजकुरावर बोट ठेवून ठरवायचं, आणि नवी हकिकत घेऊन पुन्हा. फरक एका आकड्यावर येईपर्यंत मी कोणाला उठू देत नाही.

दुसरं हत्यार दोनशे पानी वही. पंधरवड्याला प्रत्येकाबद्दल दोन ओळी, तारखेसह. घडलं तेवढंच, मत नाही. महापेलाच एका डिस्पॅचवाल्याने फेब्रुवारीत चुकीचं पॅलेट गाडीत चढवलं. मॅनेजरच्या डोक्यात तेवढंच राहिलं आणि पाचही रकान्यांत २ पडले, हजेरीतसुद्धा. वही उघडली तर वर्षभरात एक खाडा नाही, गणपतीत निम्मी माणसं गावी असताना त्याने सांभाळलेलं लोडिंग, आणि चूक ती एकच. हजेरी ५ झाली, अचूकता ३.

पगारवाढ थेट त्याच आकड्याला बांधलेली असेल, तर मॅनेजर जाणूनबुजून सैल राहतो. तिथे ट्रेनिंग पुरत नाही, हे मी कोटेशन देतानाच सांगतो.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. एका माणसाचा अख्खा फॉर्म एका दमात भरू नका. आधी सगळ्यांची हजेरी, मग सगळ्यांची अचूकता, असं रकान्याने जा. आणि वही एप्रिलपासूनच लिहा. मार्चमध्ये एका बैठकीत लिहिलेली वही मी एकसारख्या शाईवरून ओळखतो.