कूलरच्या खिडकीची काच

आमच्या दर्यापूर तालुक्यात मृगाचे दोन बरे पाऊस पडले की घरोघरी कूलर उतरते. ताट्या काढून उकिरड्यावर, पंप कापडात गुंडाळून माळ्यावर, आणि तो पत्र्याचा डबा एकदाचा सरकवला की मागची खिडकी दिसते जी मार्चपासून कोणी नीट पाहिलेलीच नसते. पाहिली की वाटते कोणी काचेवर ताक शिंपडून ठेवलं का काय. पांढरे पांढरे ठिपके, काही गोल, काही ओघळलेले, आणि बाजूच्या कपाटाचा आरसाही तसाच कारण कूलरचा फवारा त्याच्याही तोंडावर जातो.

मग घरात भांडण सुरू. सासूबाई पेपरवाल्या. "पेपर ओला कर अन् घस, इतकी वर्षं तेच करून राह्यली मी, काच काय आज आली का घरात?" भाची अमरावतीहून येताना मायक्रोफायबरचं निळं फडकं घेऊन आली ती म्हणते आता पेपर कोण वापरते मामी. आणि माझा पोट्टा, ज्याला व्हिनेगर फक्त चाऊमीनमुळे माहीत, त्याने मोबाईलवर काहीतरी पाहून ठेवलं होतं, तो म्हणे सगळ्यावर व्हिनेगर मार. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांपैकी कोणीच हे विचारत नव्हतं की डाग कशाचा आहे. माझ्या मते सगळी गोष्ट तिथंच आहे.

काचेवर रेघ म्हणा, ठिपका म्हणा, तो पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला माल असते. पाणी वाफ होऊन जाते पण त्यातला क्षार कुठं जाईल? आणि आमचा तर पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर तोंड वाकडं होते. त्यात कूलर म्हणजे अजूनच गंमत. कूलरमधून हवेत जाते ती नुसती वाफ, क्षार टाकीतच राहतात, आपण वरून परत बोअरचं पाणी भरतो, परत वाफ जाते, परत भरतो. म्हणजे मे अखेरीस टाकीतलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारं झालेलं असते, आणि फवाऱ्याचे जे बारीक थेंब काचेवर बसतात ते ह्या घट्ट झालेल्या पाण्याचे. म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून नवं पाणी भरलं तर काचेवरचे डाग आधीच बरेच कमी होतात. आमच्या इथं हे कोणी करत नाही कारण नळाला पाणी येते कधी अन् जाते कधी, असलेलं पाणी सांडून द्यायला जीव होत नाही. ते मला पटते.

आता डागात दोन जाती असतात आणि त्या ओळखायला फार काही लागत नाही. साधं पाणी बोटाला लावून ठिपक्यावर ठेवा, थोडं चोळा. विरघळून गेला तर तो साध्या मिठासारखा क्षार, त्याला व्हिनेगरची गरजच नाही, ओलं फडकं पुरते. पण बोटाखाली खरखर लागली आणि ठिपका जागचा हलला नाही तर तो चुन्याचा खर. पाण्यात कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळलेला असते, पाणी वाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाते आणि मागे कार्बोनेट राहते, तेच जे पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी बसते. ते पाण्यात विरघळत नाही, कितीही पेपर घासा, हाताला घट्टे पडतील पण ते तिथंच. त्याला आंबटच लागते. व्हिनेगरमध्ये चार टक्क्यांच्या आसपास अॅसिटिक अॅसिड असते, ते ह्या कार्बोनेटला धरते, त्याचं पाण्यात विरघळणारं मीठ करते, गॅस सोडते. जाड थर असला तर बारीक बुडबुडेसुद्धा दिसतात, लहान पोरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

तर मागच्या खिडकीचं असं केलं. पहिल्यांदा कोरड्या ब्रशने धूळ झाडली, ही पायरी कोणी करत नाही आणि तिथंच काच खराब होते, कारण उन्हाळ्यातल्या वावटळीनं आणलेल्या धुळीत वाळूचे कण असतात, वाळूचा कण काचेपेक्षा कठीण, तो फडक्यात अडकला की फडकं मऊ असो का महागडं असो, ओरखडा पडणारच. मग साध्या पाण्यानं धुवून घेतली, मिठाचे डाग तिथंच गेले. राहिलेल्यांसाठी एक वाटी पांढरं व्हिनेगर अन् एक वाटी पाणी. पाणी मात्र प्यायच्या आरओ कॅनमधलं, कारण बोअरचंच पाणी घेतलं तर त्यातलाच क्षार परत काचेवर वाळते. जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून काचेवर चिकटवून ठेवला दहा-पंधरा मिनिटं, नुसतं फवारून लगेच पुसलं तर काही होत नाही, अॅसिडला वेळ द्यावा लागते. मध्ये एकदा परत ओला केला. कापड काढल्यावर बोटानं पाहिलं, खरखर गेली होती बऱ्याच ठिकाणची, राहिली तिथं परत चिकटवलं. शेवटी आरओच्या पाण्याचा एक हात, कारण व्हिनेगरनं सोडवलेला माल काचेवरच वाळू दिला तर नवी रेघ तयार.

हे सकाळी सातच्या आत करायचं किंवा ढग असताना. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच उडते, मग काय हातात घेऊन पुसता त्याला अर्थ राहत नाही.

व्हिनेगर नसलं तर किराणा दुकानात लिंबाचं सत मिळते ते एक चमचा ग्लासभर पाण्यात टाकलं तरी चालते. अख्खं लिंबू चोळू नये, त्याचा गर काचेवर राहते आणि वाळल्यावर त्यावर धूळ बसते. आणि खिडकीच्या खाली कोटा किंवा शहाबादी फरशीची पट्टी असली, आमच्या इकडे बहुतेक घरी असतेच, तर तिथं आधी जाड कापड अंथरा. तो दगडही चुन्याचाच, व्हिनेगरचे थेंब पडले तर त्याची चमक जाऊन मातकट ठिपके पडतात आणि ते पुसून जात नाहीत. संडासात टाकतात त्या ब्लीचिंगच्या पाण्यासोबत तर व्हिनेगर कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघते, ती मस्करीची गोष्ट नाही.

आरशाला मात्र मी व्हिनेगर फवारत नाही. आरशाच्या पाठीमागं चांदीचा पातळ थर असते अन् त्यावर रंग, कडेला हा रंग कमजोर असते, ओघळ खाली जाऊन कडेतून आत शिरला की काळे डाग पडायला सुरुवात होते. लोखंडी कपाटाच्या आरशाच्या खालच्या कडेला जी काळी बुरशीसारखी झालर दिसते ना, ती बहुतेक अशीच ओलीनं आलेली. म्हणून फडक्यावर थोडं घ्यायचं, घट्ट पिळायचं आणि वरून खाली पुसायचं, कडेला कोरडं फडकं फिरवायचं. आणि आरशावर खरा त्रास क्षाराचा कमी, तेलाचा जास्त, डोक्याला तेल लावून सगळे त्याच्यासमोरच उभे राहतात. तेलाला आंबट काही करत नाही. त्याला भांडे धुवायच्या साबणाचा एकच थेंब अर्ध्या बादलीत. एकच थेंब, कारण साबण जास्त झाला तर तोच रेघा देते, मग माणूस परत साबण लावते, परत रेघा. दिवाळीत आमच्या जाऊबाईंचा अर्धा दिवस ह्याच चक्रात जाते.

आता पेपर का फडकं. सासूबाईंच्या पेपरात दम आहे, हे मी भाचीसमोरही म्हणते. पेपरचा कागद पाणी शोषते आणि धागे सोडत नाही, टॉवेलच्या फडक्यानं पुसलं तर काचेवर कापसाची लव राहते ती पेपरनं राहत नाही. पण पेपर ओला करायचा नसते. ओला झाला की त्याचा लगदा होते, शाई हाताला लागते, खिडकीच्या पांढऱ्या रंगाला लागते आणि मग चौकट पुसत बसा. तो शेवटी, काच जवळपास कोरडी असताना, बोळा करून फिरवायचा. आणि साधी पानं घ्यायची, ती चकचकीत जाहिरातीची पुरवणी नाही, त्या कागदावर लेप असते, तो पाणी पीत नाही, नुसता घसरते.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉनचे केसापेक्षाही बारीक चिरलेले धागे, त्या चिरांत पाणी आणि तेल दोन्ही अडकते. काम छानच करते, वाद नाही, पण दोन लागतात, एक ओलं एक कोरडं, आणि काचेसाठी गाडी पुसायचं केसाळ नाही तर सपाट विणीचं घ्यायचं. भाचीचं फडकं पहिल्यांदा झकास चाललं आणि पुढच्या वेळी रेघा मारायला लागलं, कारण आमच्याकडे ते टॉवेलांसोबत मशीनमध्ये गेलं, वरून कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणीही पडलं. त्या पाण्याचा तेलकट थर धाग्यावर बसते आणि तोच काचेवर उतरते. वेगळं धुवा, नुसत्या साबणात, खळबळून साबण पूर्ण काढा, झालं.

एक युक्ती सांगतो असं सांगून यांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, एक खरंच कामाची गोष्ट सांगितली. आतून पुसताना हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा. मग रेघ दिसली की ती आडवी का उभी त्यावरून कळते कोणत्या बाजूची आहे, उगाच आत-बाहेर पळावं लागत नाही. आणि रेघ समोरून पाहायचीच नाही, तिरपं उभं राहून उजेडाच्या विरुद्ध पाहायचं.

एवढं सगळं करूनही त्या खिडकीच्या डाव्या तावदानावर खालच्या कोपऱ्यात काही ठिपके राहिले ते राहिलेच. पाण्यात सिलिकाही असते, ती वाळून काचेवर बसली आणि वर्षानुवर्षं बसू दिली की काच आणि डाग दोन्ही एकाच जातीचे, व्हिनेगरला त्यात पकडायला काही सापडत नाही. पोट्टा म्हणे घासणीनं घासू, मी हात धरला, घासणीनं डाग आणि काच दोन्ही सारखेच घासले जातील. परवा शेजारच्या काकू आल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वो बाई, एकाच तावदानाले डिझाइनची काच कशी काय लावली तुमी?"