बाबांची शुगर, आईची पुस्तकं आणि शेवटची पानं

आमच्या घरी डायबिटीसवरची सहा पुस्तकं आहेत. त्यातली चार आईने घेतलेली, एक मावशीने दिलेलं आणि एक मी मागवलेलं. फोंड्यात राहतो आम्ही, आणि इथे कुणाच्याही घरी गेलात तर शुगरचं मशीन किंवा शुगरचं पुस्तक, दोन्हीपैकी एक सापडणारच. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ साली आले त्यात देशात डायबिटीसचं प्रमाण ११.४ टक्के होतं आणि गोव्यात २६.४, म्हणजे सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर. त्यामुळे पुस्तकांना गिऱ्हाईक कमी नाही.

बाबांना चौदा वर्षं झाली डायबिटीस होऊन. वजन ६३ किलो, अंगाने बारीकच. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या. दादाला दोन वर्षांपूर्वी निघाला, तो ९६ किलोचा, त्याला फक्त मेटफॉर्मिन. मी ही पुस्तकं नीट वाचायला का लागले ते आधी सांगते.

गेल्या वर्षी आईने एका पुस्तकात वाचलं की रात्री भात-चपाती सगळं बंद करा, फक्त भाजी आणि सूप, दहा दिवसांत शुगर खाली. लेखक डॉक्टर आहेत, कव्हरवर फोटो, आत हसऱ्या पेशंटांचे अनुभव. तिने त्याच दिवसापासून सुरू केलं, म्हणजे बाबांवर. शुगर खरंच खाली आली, तिसऱ्या रात्री इतकी की पहाटे तीनला बाबा घामाने भिजून उठले, हात थरथरतायत, काय बोलतायत ते कळेना. मशीनवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८१, मग दोन बिस्किटं दिली. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "ग्लिमेपिराइड चालू ठेवलीत?" अर्थात चालू होती, पुस्तकात गोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं ना! ही गोळी पॅन्क्रियाजला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. डॉक्टरांनी असंही सांगितलं की काही नवीन गोळ्या आहेत, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या चालू असताना कार्ब्ज एकदम तोडले तर रक्तात कीटोन्स वाढून माणूस गंभीर होऊ शकतो आणि तेव्हा मशीनवर शुगर फारशी वाढलेली दिसतही नाही.

तेव्हापासून माझी पहिली चाळणी हीच. पुस्तक उघडायचं आणि गोळ्या-इन्सुलिनचं प्रकरण शोधायचं, कुणी कोणती गोळी कधी कमी करायची आणि कुणाला विचारून. खाणं एवढं बदलायला सांगणाऱ्या पुस्तकात हे नसेल तर मी ते खाली ठेवते. आमच्या सहापैकी चार तिथेच गळली.

दुसरी चाळणी शेवटच्या पानांची, म्हणजे संदर्भांची. मावशीच्या पुस्तकात दालचिनीवर अख्खं प्रकरण होतं, "संशोधनाने सिद्ध" असं तीनदा लिहिलेलं. निदान मागे संदर्भ दिला होता म्हणून शोधता आला. २००३ साली पाकिस्तानात झालेला अभ्यास, ६० माणसं. ती सहा गटांत वाटलेली, म्हणजे एका गटात दहाच. रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी, ४० दिवस, उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. वाचून मीही चपापले, हे तर चांगलंच की! मग बघितलं की त्यांनी मोजली ती उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी नाही, आणि ४० दिवसांत ते नीट कळतही नाही. मग २०१२ मध्ये कॉक्रेन, म्हणजे एकाच विषयावरच्या चाचण्या गोळा करून तपासणारी संस्था, तिच्या लोकांनी दालचिनीच्या दहा चाचण्या एकत्र बघितल्या, ५७७ माणसांच्या, आणि एचबीए१सीमध्ये सांगण्यासारखा फरक मिळाला नाही. आमचं पुस्तक त्याच्या नंतरचं आहे तरी त्यात फक्त २००३ चा अभ्यास. संदर्भ खोटा नव्हता हं, बरोबर निवडून घेतलेला होता, आणि हे पकडायला जास्त कठीण. आता मी फक्त एवढंच बघते की पहिल्या अभ्यासानंतर कुणी मोठा अभ्यास केला का, आणि लेखकाने तो सांगितला का. (आणि बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, ते जास्त झालं तर लिव्हरला त्रास. आई रोज एक चमचा कोमट पाण्यात द्यायची, ते बंद केलं.)

आता नाचणी. हा वाद आमच्या घरात सगळ्यात लांबला, कारण इथे आई पुस्तकाच्याही पुढची, तिच्या आईने सांगितलेलं. भात वाईट, नाचणी चांगली. भात बंद, दुपारी दोन भाकऱ्या. महिनाभर झालं आणि बाबांची जेवणानंतरची शुगर होती त्याच्या वर! आई म्हणाली मशीन बिघडलंय.

मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली. हे खरं तर माझं सगळ्यात आवडतं पुस्तक आहे, त्यात सल्ला एकही नाही, फक्त ५२८ पदार्थ आणि प्रत्येकात शंभर ग्रॅमला काय किती. पांढरा तांदूळ, कार्ब्ज ७८ ग्रॅम. उकडा, ७७. नाचणी, ६७. गव्हाचं पीठ, ६४. म्हणजे नाचणीत कमी आहेत, पण एवढे कमी नाहीत की कितीही खा. मग किचनचा वजनकाटा काढला. आईची एक भाकरी ७० ग्रॅम पिठाची निघाली, म्हणजे दोन भाकऱ्यांत १४० ग्रॅम पीठ, त्यात ९४ ग्रॅम कार्ब्ज. आणि आधी बाबा भात खायचे तो ९० ग्रॅम कच्च्या तांदळाचा, त्यात ७०. चांगल्या धान्याच्या नावाखाली आम्ही त्यांना पाव पटीहून जास्त कार्ब्ज देत होतो. आई गप्प बसली, मग म्हणाली, "अगं पण भाकरी लहान कशी थापणार, फाटते ना!"

एक गोष्ट इथे फसवते, कोष्टकातला आकडा कच्च्या धान्याचा असतो. मी पहिल्यांदा शिजलेला भात तोलून त्यावर ७८ लावला आणि घाबरले. तांदूळ पाणी पितो, शिजून अडीच-तीन पट होतो, त्यामुळे पातेल्यात टाकायच्या आधीच तोलायचं.

मग आम्ही घरीच ताडून बघितलं. जेवायच्या आधी एकदा बोट टोचायचं आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी परत. तेच जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण एका दिवसावर काही ठरत नाही, आणि मशीनलाही सूट द्यावी लागते, चांगल्या मशीनलासुद्धा १०० च्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १६० आणि १७५ हे आम्ही सारखेच धरले. दोन भाकऱ्यांच्या दिवशी साधारण १३० वरून २२० च्या आसपास. ९० ग्रॅम तांदळाचा भात, दोनशेच्या जरा अलीकडे. मग ५० ग्रॅम उकड्या तांदळाचा भात, म्हणजे ३९ ग्रॅम कार्ब्ज, सोबत बांगड्याचं हुमण आणि ताटात अर्धी जागा भाजीला, तर १६५ ते १७०. नाचणीची एकच भाकरी, मासे आणि भाजी, तेही जवळपास तेवढंच. धान्य कुठलं ह्यापेक्षा किती, हे तेव्हा कळलं, आणि बाबांना भात-हुमणाची शीतकडी परत मिळाली. ते इतके खूश झाले की भात कमी झालाय हे दोन दिवस बोललेच नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले. अर्थात हे बाबांचे आकडे, तुमच्या घरी दुसरे येतील.

मी मागवलेलं पुस्तक म्हणजे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टर रॉय टेलरचं लाइफ विदाउट डायबिटीस. नावावरून मला तेही त्यातलंच वाटलं होतं. पण ह्या माणसाने स्वतः डायरेक्ट नावाची मोठी चाचणी केलीय, पहिले आकडे २०१७ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरी, पाकिटातले शेक-सूप, तीन ते पाच महिने, मग हळूहळू नेहमीचं जेवण. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद, पण डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली. वर्षाने ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली, नेहमीच्या उपचारवाल्यांत ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले होते.

दादा आणि बाबा दोघांनी एकाच संध्याकाळी विचारलं, "मग मी करू?" तेव्हा चाचणीत कोण होतं ते बघितलं. डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन नसलेले, बीएमआय २७ ते ४५, वय २० ते ६५, आणि जवळपास सगळे गोरे. बाबांची चौदा वर्षं, बीएमआय २३, म्हणजे तो आकडा त्यांचा नाहीच. त्यांच्याकडे उतरवायला वजनही नाही, उपाशी ठेवलं तर मांस झडेल. बाबांना वाईट वाटलं, मलाही. दादा मात्र बरोबर त्या चौकटीत, बीएमआय ३२.

दादा डॉक्टर आणि डाएटिशियनकडे गेला. पाकिटं महाग पडतात म्हणून त्यांनी घरच्याच जेवणाचा कमी कॅलरीचा तक्ता दिला, अंडी, मासे, डाळ, भाज्या, ताक. आता हे चाचणीतलं नाही, तिथे पाकिटं होती, त्यामुळे ४६ टक्के हा आकडाही तसाच्या तसा त्याला लागू नाही, हे मी त्याला दोनदा ऐकवलं आणि दोनदा तो वैतागला. चार महिन्यांत ११ किलो उतरला. चाचणीत १० ते १५ किलो उतरलेल्यांत ५७ टक्के सुटले होते आणि १५ च्या वरच्यांत ८६, म्हणून तो आता आणखी चार किलोच्या मागे लागलाय. एचबीए१सी ७.८ वरून ६.३ वर आलं, जूनच्या शेवटी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद केली.

पण त्याने लगेच ग्रुपवर "डायबिटीस गेला" टाकलं ना, त्यावरून आमचं भांडण झालं. गोळी बंद करून किमान तीन महिने झाल्यावर ६.५ च्या खाली राहिलं तरच रेमिशन म्हणायचं, असं २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या संस्थांनी ठरवलंय, आणि तेव्हाही दरवर्षी तपासायचंच. त्याची टेस्ट सप्टेंबरच्या शेवटी. गणपतीची चवथ त्याच्या आधी येते, आईने नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, खोबऱ्याचा हिशोब आत्ताच काढलाय आणि दादाला किती द्यायच्या ह्यावर घरात रोज वाटाघाटी चालू आहेत, सध्या दोनवर अडलंय.