एकेक वाढवायचं, निम्मं सोडायचं

माझ्या लॅपटॉपच्या वरच्या पट्टीत नेटचा वेग दाखवणारा एक छोटा आकडा आहे. मोठी फाइल चढवायला लावली की तो झपाट्याने वर जातो, मग एकदम खाली येतो आणि तिथून पुढे सावकाश, जरा कंटाळवाणा चढत राहतो. बराच चढला की पुन्हा धपकन खाली. घरच्यांना वाटतं मी काम करतोय. मी त्या आकड्याची ये-जा बघत असतो.

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात काकांनी मध्यंतरी नेटचा प्लॅन ५० एमबीपीएसवरून १०० वर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जिरावण घालता घालता म्हणाले, "पैसे दुप्पट, पण ती अमेरिकेतली साइट उघडायला तेवढाच वेळ घेते. फसवलं ना रे?" फसवलं कुणीच नव्हतं. ते पान होतं साधारण ३०० केबीचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर एवढा मजकूर वाहून यायला २४ मिलिसेकंद लागतात, ५० वर ४८. काकांनी वाचवले ते हे २४ मिलिसेकंद. त्यांचा खरा वेळ जात होता दुसरीकडेच.

पाठवणाऱ्या सर्व्हरला काकांची लाइन केवढी आहे हे मुळात माहीत नसतं. वाटेत कुठला राउटर तुंबलाय, हेही नाही. म्हणून नेटवरची ने-आण सांभाळणारं टीसीपी मजकुराची छोटी पॅकेट करतं, सुरुवातीला त्यातली फक्त १० सोडतं आणि थांबतं. एका पॅकेटमध्ये साधारण १,४६० बाइट, म्हणजे सगळे मिळून जेमतेम १४-१५ केबी. पोच यायला लागली की प्रत्येक पोचेमागे उधारी एका पॅकेटने वाढते. उधारी म्हणजे एका वेळी पोच न मिळालेली किती पॅकेट वाटेत असू द्यायची तो आकडा, ज्याला कंजेशन विंडो म्हणतात. दहा पोचा आल्या की दहाची वीस होते, विसाची चाळीस. प्रत्येक फेरीला, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत आली की, दुप्पट. हाच स्लो स्टार्ट.

आता काकांचं पान मोजू. ३०० केबी म्हणजे २०६ पॅकेट. पहिल्या फेरीत १० आली, दुसरीअखेर एकूण ३०, तिसरीअखेर ७०, चौथीअखेर १५०, आणि पाचव्या फेरीत पान पुरं झालं. समजा इंदूरहून तिथे जाऊन परत यायला २०० मिलिसेकंद लागतात. पाच फेऱ्यांचा एक सेकंद झाला. त्याआधी जोडणी करायला एक फेरी आणि मजकूर गुप्त ठेवायची कुलूपकिल्ली ठरवायला एक, असे आणखी ४०० मिलिसेकंद. म्हणजे जवळपास दीड सेकंद नुसत्या येरझाऱ्यांत. १०० एमबीपीएसचा एवढा लांब पाइप पूर्ण भरायचा तर वाटेत एका वेळी सतराशेच्या आसपास पॅकेट हवीत. काकांचं पान संपलं तेव्हा विंडो १६० वर होती. पाइप कधी भरलाच नाही, मग तो रुंद केला काय आणि नाही काय! काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसे गेले ते गेलेच."

इतकं बिचकत सुरू करायची सवय टीसीपीला जन्मापासून नव्हती. पूर्वी समोरच्याची तयारी असेल तेवढं सगळं एकदम ओतलं जायचं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला. हजार-बिजार नाही, चाळीस. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर ४०० यार्ड. चालत जाऊन चिठ्ठी देणारा माणूस जिंकला असता. वाटेतल्या राउटरांच्या रांगा तुडुंब भरलेल्या, पोच वेळेत येत नाही म्हणून पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतोय, त्याने रांगा आणखी भरताहेत. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय मांडला, त्यात हा स्लो स्टार्ट होता. तेव्हा सुरुवात एका पॅकेटने व्हायची. दहाची मुभा २०१३ मध्ये आली.

दुप्पट-दुप्पट करत गेलं की कधीतरी पाइप भरणार, राउटरची रांग ओसंडणार आणि एखादं पॅकेट गळणार. त्याच्या मागची पॅकेट पोहोचलेली असतात, त्यामुळे पलीकडून "मला अजून तेच हवंय" अशी एकच पोच पुन्हा पुन्हा येते. तीनदा पुनरावृत्ती झाली की टीसीपी समजतं की गर्दी झाली. विंडो निम्मी करतं, गळलेलं पॅकेट पुन्हा पाठवतं आणि त्यानंतर दुप्पट करायचं सोडून देतं. आता फेरीला फक्त एक पॅकेट वाढ. हा झाला कंजेशन अव्हॉइडन्स. पोचा यायच्याच बंद झाल्या तर मात्र प्रकरण गंभीर धरलं जातं. मग थेट एका पॅकेटपासून स्लो स्टार्ट, आणि आधीच्या निम्म्यापर्यंत पोहोचल्यावर पुन्हा एकेकची चाल. लिनक्सवर हे डोळ्यांनी बघता येतं:

```
ss -ti
```

येणाऱ्या ओळींत `cwnd` म्हणजे ती विंडो आणि `ssthresh` म्हणजे दुप्पट सोडून सावकाश चालायचा उंबरठा. `ssthresh` दिसतच नसेल तर ती जोडणी बहुधा अजून कुठे अडखळलेली नाही.

चढताना एकेक आणि उतरताना निम्मं. हा लंगडेपणा मला सगळ्यात आवडतो. चढताना दुप्पट, उतरताना निम्मं असं का नाही? किंवा चढताना एक, उतरतानाही ठरावीक काही?

समजा मी कामाचा बॅकअप चढवतोय आणि आई फोनवरून मुंजीचे फोटो पुण्याला मावशीला पाठवतेय. आमची लाइन एका फेरीत दोघांची मिळून ६४ पॅकेट सहन करते. मी आधी सुरू केलं म्हणून माझी विंडो ४८ वर आहे, आईची १६. बेरीज ६४, लाइन भरली, दोघांचंही एकेक पॅकेट गळलं. दोघांनी निम्मं केलं: मी २४, आई ८. आता दोघंही फेरीला एकेक वाढवतो. सोळा फेऱ्यांनी मी ४०, आई २४, पुन्हा ६४. निम्मं केलं: २० आणि १२. पुन्हा चढलो: ३६ आणि २८. निम्मं: १८ आणि १४. पुढच्या खेपेला ३४ आणि ३०.

आमच्यातला फरक बघा: ३२, १६, ८, ४. चढताना दोघंही सारखंच वाढवतात म्हणून फरक तसाच राहतो. उतरताना प्रत्येक जण आपल्यातलं निम्मं सोडतो, म्हणजे ज्याच्याकडे जास्त त्याचं जास्त जातं आणि फरकही निम्मा होतो. चढतानाही दुप्पट केलं असतं तर ४८-१६ चे २४-८ आणि पुन्हा ४८-१६, असे जन्मभर तिप्पट-एकपट राहिलो असतो. उतरताना दोघांनी आठ-आठ सोडले असते तर ४०-८, आणि वर येऊन परत ४८-१६. फरक मिटतो तो फक्त या एका जोडीत. चिऊ आणि जैन या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये हे गणिताने दाखवलं. माझ्या लॅपटॉपला आईच्या फोनचा पत्ताच नाही, वाटपाला मध्ये कुणी बसलेलं नाही, तरी दहा-बारा खेपांत दोघं जवळजवळ सारखे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू तुझं आधीच कमी का नाही करत?" टीसीपीत ती सोय नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नाही.

एक गोष्ट मी वरच्या हिशेबात गुपचूप धरली: दोघांची फेरी सारख्या वेळाची. तसं नसलं की बरोबरी बिघडते. ज्याचा सर्व्हर जवळ, १० मिलिसेकंदांवर, तो सेकंदाला शंभर वेळा एकेक वाढवणार. २०० मिलिसेकंदांवरचा पाचच वेळा. दूरच्याची वाढ कासवगतीने होते. लांब आणि रुंद वाटांवर तर हा नियम हास्यास्पद होतो. १० गिगाबिटची, १०० मिलिसेकंदांची वाट भरायला ८३ हजारांवर पॅकेटांची विंडो लागते. एकदा ती निम्मी झाली की एकेक करत पूर्वपदावर यायला सव्वा तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. म्हणून लिनक्समध्ये २००६ पासून क्युबिक नावाची चाल आहे. ती निम्म्याऐवजी ०.७ वर येते, आणि किती चढायचं ते फेऱ्या मोजून नाही, शेवटच्या पडझडीला किती वेळ झाला त्यावर ठरवते. माझ्या पट्टीतला आकडा खरं तर हिचाच नाच आहे.

पण या समानतेत एक मोठी फट आहे. ती जोडणीगणिक आहे, माणसागणिक नाही. सुट्टीत भाचा आला की एक डाउनलोड मॅनेजर लावतो, तो एकच फाइल नऊ जोडण्यांवरून ओढतो. माझी जोडणी एक, त्याच्या नऊ. नियम सगळे पाळले जातात, प्रत्येक जोडणी शहाण्यासारखी निम्मं सोडते, आणि मला दहावा हिस्सा मिळतो. नर्मदेचं पाणी आलं की गल्लीतला एखादा नळाला थेट टुल्लू पंप लावतो आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या बादल्या कोरड्या राहतात, तसलाच प्रकार. भाच्याला सांगून उपयोग नव्हता. त्याच्या मते नेट 'सगळ्यांचं' होतं.

मग राउटरमध्येच बंदोबस्त केला. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत २०१८ पासून `cake` नावाची रांग लावता येते. ती जोडण्या मोजण्याआधी उपकरणं मोजते: आधी घरातल्या फोन-लॅपटॉपांत सारखं वाटप, मग ज्याच्या त्याच्या वाट्यात त्याच्या जोडण्या. फक्त तिला लाइनचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगावा लागतो. आमच्या १०० च्या लाइनला मी ९० सांगितला, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न साचता माझ्या राउटरमध्ये साचते आणि कुणाचं पॅकेट गाळायचं ते इथेच ठरतं.

संध्याकाळी भाचा आला. "मामा, आज नेट स्लो आहे का?"

"नाही रे," मी म्हटलं, "माझं तर छान चाललंय."